दहा किलो कोंबडी, सात किलोचा हिशेब

साखरशेतला आमचं छोटं हॉटेल आहे. सकाळी चहा-नाश्ता, दुपारी नागलीची भाकरी, भात, झुणका, अंडाकरी, चिकन. एरवी गिऱ्हाईक ठरलेलं: शिक्षक, टेम्पोवाले, बाजाराला निघालेली माणसं. पावसाळ्यात जव्हार आणि दाभोसा धबधबा बघायला आलेल्या गाड्या थांबतात, तेव्हा शनिवार-रविवारी बसायला जागा पुरत नाही. गल्ला मी सांभाळते आणि स्वयंपाकघर आत्याबाईंच्या हाती. जुन्या संगणकातला प्रोग्राम बिल छापायचा आणि उधारी ठेवायचा. तांदूळ-तेलाचा हिशेब मात्र वहीत आणि आत्याबाईंच्या डोक्यात. तो संगणक बंद पडायला लागला, तेव्हा बिल आणि माल दोन्ही एकाच ठिकाणी ठेवणारं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलं.

दाखवायला येणारे लोक आधी रंगीत आलेख दाखवतात. मी तीनच गोष्टी मागितल्या आणि तिन्ही आमच्याच गल्ल्यावर, आमच्याच प्रिंटरवर करून बघितल्या.

पहिली परीक्षा नेट नसतानाची. आमच्याकडे पावसात वीज जाते, पाठोपाठ रेंजही जाते. ‘आमचं ऑफलाइन चालतं’ असं प्रत्येक जण सांगतो, पण नेट बंद करून एक बिल काढलं म्हणजे परीक्षा झाली असं नाही. नेट बंद ठेवूनच संगणक बंद करायचा आणि पुन्हा चालू करायचा. बघितलेल्यांपैकी एक सॉफ्टवेअर इथेच अडलं. उघडं असेपर्यंत बिलं देत होतं, पण नव्याने सुरू केल्यावर लॉगिनसाठी नेट मागायला लागलं. वीज गेल्यावर आपल्याकडे नेमकं हेच घडणार. त्यापुढची अडचण बिल क्रमांकाची. गल्ल्यावरचा संगणक आणि वाढप्याच्या हातातला मोबाइल, दोन्ही नेटविना बिलं काढत राहिले, तर दोघेही तोच पुढचा क्रमांक घेऊ शकतात. जीएसटीच्या नियमाप्रमाणे बिलाचा क्रमांक ओळीने हवा, त्या आर्थिक वर्षात एकदाच यायला हवा आणि 16 अक्षरांत बसायला हवा. म्हणून प्रत्येक यंत्राला वेगळी मालिका देता येते का, हे विचारावं. आमच्याकडे गल्ल्याची मालिका A/ ने आणि मोबाइलची B/ ने सुरू होते.

दुसरी परीक्षा मराठीची. आत्याबाई मराठीच वाचतात, त्यामुळे स्वयंपाकघरात जाणारी ऑर्डरची चिठ्ठी, म्हणजे केओटी, मराठीतच हवी. पडद्यावर मराठी सगळेच दाखवतात, खरा प्रश्न कागदाचा असतो. बऱ्याच थर्मल प्रिंटरच्या आत देवनागरी अक्षरं नसतातच. सॉफ्टवेअरने चिठ्ठीचं चित्र करून पाठवलं तरच ती नीट उमटते, नाहीतर प्रश्नचिन्हांची रांग येते. मी प्रत्येकाला ‘खर्डा’, ‘चिकन’ आणि ‘कोथिंबीर वडी’ छापायला लावलं, कारण रफार, पहिली वेलांटी आणि अनुस्वार या तीन जागी अक्षरं मोडतात. एका चिठ्ठीवर वेलांटी पुढच्या अक्षरावर जाऊन बसली होती. आत्याबाईंनी ती हातात घेतली, लांब धरली, जवळ धरली आणि परत दिली. “बाय, ह्ये काय करू म्हंतेस?” ते सॉफ्टवेअर तिथेच बाद झालं.

तिसरी परीक्षा मालाच्या मापांची. यावर मी सर्वांत जास्त वेळ घालवला आणि त्याचं कारण कोंबडी आहे.

आम्ही कोंबडी जिवंत वजनावर घेतो. दहा किलो घेतली, की पिसं, आतडी वगैरे जाऊन भांड्यात साधारण सात किलो पडते. आमच्या चिकनच्या एका ताटाला दोनशे ग्रॅम कच्चे तुकडे लागतात, म्हणजे सात किलोत पस्तीस ताटं. आता समजा सॉफ्टवेअरमध्ये खरेदी दहा किलो लिहिली आणि ताटाला दोनशे ग्रॅमची कृती जोडली. पस्तीस ताटं विकली जातात, भांडं रिकामं होतं, आणि पडद्यावर अजून तीन किलो चिकन शिल्लक दिसतं. हे तीन किलो गेले कुठे? गल्ल्यावर बसणाऱ्याची नजर आपोआप स्वयंपाकघराकडे वळते. आयुष्यभर चुलीपुढे प्रामाणिकपणे राबलेल्या बाईवर एका चुकीच्या आकड्याने संशय येऊ शकतो. माझ्या मते मालाचं सॉफ्टवेअर निवडताना सगळ्यात गंभीरपणे घ्यायची बाब हीच. म्हणून खरेदीचं वजन आणि साफ केल्यानंतरचं वजन वेगळं लिहायची सोय असेल तेच घ्यायचं, असं मी ठरवलं. आत्याबाईंनी आणि मी आधी काही खरेद्यांची दोन्ही वजनं काट्यावर घेतली आणि आमच्या कोंबडीचं प्रमाण काढलं. दुसऱ्याचं प्रमाण उसनं घेऊ नये, कारण पक्ष्याच्या आकाराप्रमाणे आणि साफ करण्याच्या पद्धतीप्रमाणे ते बदलतं.

तेलाचं कोडं याच जातीचं. बाजारात पंधरा किलोचाही डबा मिळतो आणि पंधरा लिटरचाही. खाद्यतेल पाण्यापेक्षा हलकं असतं, एक लिटर तेल साधारण 910 ग्रॅम भरतं. त्यामुळे पंधरा किलोच्या डब्यात जवळजवळ साडेसोळा लिटर तेल असतं आणि पंधरा लिटरच्या डब्यात पावणेचौदा किलोच्या आतबाहेर. आमच्या वहीत नुसतं ‘डबा 15’ लिहिलेलं. डबे किलोचे असताना यादीत लिटर गेलं, तर चार डब्यांमागे जवळपास सहा लिटरचा फरक पडतो आणि महिनाअखेरीस डब्यात तेल दिसत असताना पडद्यावर शिल्लक उणे येते. ही खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे: शिल्लक उणे दाखवत असेल तर बहुतेक वेळा माप किंवा खरेदीची नोंद चुकलेली असते, कारण नसलेला माल कोणी वापरू शकत नाही. नागली तर आम्ही आसपासच्या माणसांकडून पायलीने घेतो. पायली हे आकारमानाचं माप आहे. त्यात किती किलो बसतात हे धान्य बदललं की बदलतं. एक पायली नागली काट्यावर तोलून तो आकडा आम्ही सॉफ्टवेअरला दिला.

सॉफ्टवेअर ठरलं आणि जुन्या प्रोग्राममधली माहिती नव्यात आणायचं काम उरलं. विकणारा म्हणाला, “ताई, फाइल द्या, आपोआप येईल सगळं.” मी तसं करू दिलं नाही.

जुन्या यादीतली नावं युनिकोडमध्ये नव्हतीच. जुन्या मराठी फॉन्टमध्ये पडद्यावर ‘मिसळ’ दिसत असलं, तरी आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. फॉन्ट काढला की फाइलमध्ये निव्वळ गिचमीड उरते. ती बदलून देणारी साधनं मिळतात, पण वेलांट्या आणि रफार पुन्हा तपासावेच लागतात. आमच्यासारख्या छोट्या यादीला सरळ नव्याने टाइप करणं बरं, आणि ते करताना वर्षानुवर्षं न विकलेले पदार्थही गळून जातात. टाइप केलेली यादी एक्सेलमधून साठवताना मात्र CSV UTF-8 हाच प्रकार निवडावा. साध्या CSV मध्ये मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. बिस्किटं आणि पाण्याच्या बाटल्यांचे 890 ने सुरू होणारे तेरा आकडी बारकोड असतील, तर तो रकाना आधीच Text करून ठेवावा. नाहीतर एक्सेल त्याचं 8.90E+12 करून टाकतं आणि तसंच साठवलं तर शेवटचे आकडे परत मिळत नाहीत.

उधारी सर्वांत नाजूक, कारण तिथे माणसांशी गाठ आहे. जुन्या प्रोग्राममध्ये नावे आणि जमा असे दोन रकाने होते, नव्यात एकच आणि त्यात अधिक-उणे. आम्ही आधी खोटी चाचणी घेतली. लोकांकडून येणं 18,400 आणि एका ठेकेदाराने मजुरांच्या जेवणासाठी आगाऊ दिलेले 2,500, म्हणजे निव्वळ येणं 15,900 हवं. नव्या पडद्यावर आलं 20,900. फरक 5,000. जुने मुनीम अशा वेळी फरकाचं निम्मं करतात आणि तो आकडा शोधतात: निम्मं 2,500, म्हणजे ठेकेदाराची जमा रक्कम त्याच्या नावावर बाकी होऊन बसली होती. उणे चिन्ह घातलं आणि बेरीज जुळली. पण एकूण बेरजेवर थांबू नये, माणसंही मोजावीत. नवं सॉफ्टवेअर गिऱ्हाईक ओळखतं मोबाइल नंबरावरून आणि आमच्या यादीत ‘आश्रमशाळेचे गुरुजी’, ‘भाताचा टेम्पो’ अशी बिननंबरी नावं पुष्कळ. नंबर रिकामा असलेल्या ओळी चाचणीत गुपचूप गळल्या होत्या आणि एकच नंबर दिलेले दोन भाऊ एका खात्यात गेले होते. खरी माहिती भरण्याआधी आम्ही नंबर विचारून घेतले आणि प्रत्येकाला त्याची बाकी वाचून दाखवली.

जुनी बिलं नव्यात आणायची नाहीत, असं माझं स्पष्ट मत आहे. पदार्थांची यादी, सुरुवातीचा माल आणि उधारी एवढंच न्यावं. मात्र जुनी बिलं टाकूनही देऊ नयेत. जीएसटीची नोंदणी असेल तर हिशेबाचे कागद वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून 72 महिने ठेवावे लागतात. आम्ही ती सगळी पीडीएफ करून दोन पेनड्राइव्हवर ठेवली. बदलाचा दिवस म्हणून 31 मार्चची रात्र निवडली. बिलांची मालिका 1 एप्रिलला नव्याने सुरू करता येते आणि पर्यटकांची गर्दी अजून लांब असते. त्या रात्री गिऱ्हाईक गेल्यावर माल मोजला, लिहिला आणि सकाळचा पहिला चहा नव्या बिलावर दिला.

नव्या बिलावर कराची ओळ येणार नाही, हेही आधी तपासलं होतं. आम्ही कंपोझिशन योजनेत आहोत. त्यात उपाहारगृहाने उलाढालीवरचा पाच टक्के कर स्वतःच्या खिशातून भरायचा असतो, गिऱ्हाईकाकडून घ्यायचा नसतो, आणि कागदावर ‘बिल ऑफ सप्लाय’ लिहावं लागतं. बरीच सॉफ्टवेअरं कर जोडूनच येतात, ती सेटिंग आपण बदलून घ्यायची.

आता मालाचा हिशेब आम्ही तांदूळ, नागली, तेल, कोंबडी, अंडी, डाळी आणि बाटल्यांपुरताच ठेवतो. कोथिंबीर-मिरचीचा हिशेब ठेवायचा तर त्यातच दिवस जातो, त्यापेक्षा भाजीचा रोजचा खर्च एका ओळीत लिहिलेला पुरतो. जव्हार-मोखाड्याच्या रस्त्यावर ज्यांची अशी हॉटेलं आहेत त्यांना एकच विनंती: पैसे देण्याआधी विकणाऱ्याला सांगा, पदार्थ, माल, उधारी आणि बिलं यांची एक्सेल फाइल आत्ता, समोर काढून दाखव, आणि वर्गणी संपल्यावरही ती काढता येईल हे लिहून दे. जो ‘नंतर बघू’ म्हणेल, त्याच्याकडून घेऊ नका.