गाडीवरचा बोजा

शेवटचा हप्ता गेला की गाडी आपली झाली, असं आपण इथे दुबईत बसून समजतो. पण भारतात आरसीवरचं बँकेचं नाव आपोआप जात नाही आणि ते असेपर्यंत बँकेच्या लेखी संमतीशिवाय गाडी दुसऱ्याच्या नावावर होत नाही.

आमची गाडी नाशिकला बाबांकडे, म्हणजे सासऱ्यांकडे असते. पण ती ह्यांच्या नावावर. कर्ज फिटल्यावर बँकेने ना हरकत प्रमाणपत्र आणि फॉर्म ३५ च्या दोन प्रती बाबांकडे दिल्या. बँकेची सही-शिक्का होता, पण मालकाचीही सही लागते. म्हणून प्रती कुरियरने इथे आल्या. पाठवण्याआधी बाबांनी त्यांवरचे चासी आणि इंजिन नंबर आरसीशी ताडून पाहिले. एक अंक चुकला तरी अर्ज अडतो. प्रमाणपत्राची मुदत तीनच महिने होती, ती टळली तर बँकेकडून नवं आणावं लागतं. त्यामुळे ह्यांनी त्याच दिवशी सह्या करून कागद परत पाठवले. मग मूळ आरसी, विमा आणि पीयूसीसह बाबांनी आरटीओत अर्ज दिला.

नवी आरसी आल्यावर बँकेचं नाव गेलंय ना, ते पाहा. तिची प्रत विमा कंपनीलाही पाठवा. पॉलिसीवर बँकेचं नाव राहिलं आणि गाडी चोरीला गेली, तर भरपाईचे पैसे आपल्या हाती येताना तेच नाव आडवं येतं.