हिंदी निरोप, मराठी उत्तर

आमचा माल पीथमपूरच्या कारखान्यातून निघतो आणि पुण्याबाहेर वाघोलीच्या गोदामात उतरतो. हिशेब माझ्याकडे. तिकडची बाजू सांभाळणारे गृहस्थ इंदूरचे, बोलतात-लिहितात हिंदी. होळकरांच्या शहरात मराठी शेजारात वाढल्यामुळे मराठी त्यांना नीट समजतं, म्हणून आमचा रिवाज ठरून गेला आहे : ते हिंदीत लिहितात, मी मराठीत उत्तर देते. तेच उत्तर वाघोलीची मंडळी वाचतात आणि इंदूरला त्यांच्या हाताखालची मुलंही वाचतात. त्या मुलांना मराठीचा गंध नाही, पण लिपी एकच असल्यामुळे सगळं समजल्यासारखं वाटतं.

गेल्या पावसाळ्यात त्यांचा एक निरोप आला. तो जसाच्या तसा देते, कारण गंमत त्याच्या शब्दांतच आहे :

"मैडम, पिछले माह की अपेक्षा इस बार टूटी पेटियाँ कम हैं, पर खाते और गिनती में 40 पेटियों का अंतर है। उचित कार्रवाई के लिए गोदाम को सूचना दे दी है। संशोधित सूची कल तक भेजने का आग्रह है। समाधान होने तक ट्रांसपोर्टर का भुगतान रोकें तो आपको आपत्ति तो नहीं? दोपहर में सर्वर सहसा बंद हो जाता है, ध्यान रखें।"

यातला जवळजवळ प्रत्येक जड शब्द मराठीत आहे आणि जवळजवळ प्रत्येकाचा अर्थ वेगळा आहे. बोलीतली हिंदी आपल्याला फारशी फसवत नाही. 'इस्तीफ़ा' किंवा 'जल्दी' हे हिंदीच आहेत हे कानाला लगेच कळतं. फसवतात ते मुख्यतः संस्कृतातून आलेले शब्द, कारण ते आपल्याच घरचे वाटतात. आमचे हे गृहस्थ शुद्ध हिंदी लिहिण्याबद्दल काटेकोर आहेत, त्यामुळे त्यांचा निरोप जितका नीटस, तितकं मला जास्त सावध राहावं लागतं.

काही शब्द स्वतःच पकडून देतात. 'अंतर' म्हणजे आपल्याकडे दोन ठिकाणांमधलं. चाळीस पेट्यांचं अंतर म्हटलं की वाक्य लंगडतं आणि लक्षात येतं, की हा फरक आहे. 'अपेक्षा'सुद्धा तशीच, 'गेल्या महिन्याची अपेक्षा' असं वाचलं तर पुढचं काही जुळत नाही, कारण हिंदीत 'की अपेक्षा' म्हणजे आपलं 'पेक्षा'. 'आपत्ति'चंही तेच. बिल थांबवल्याने माझ्यावर संकट कोसळणार नाही, तेव्हा ती हरकत असणार. 'संशोधित सूची' म्हणजे दुरुस्त केलेली यादी. पेट्यांवर संशोधन करायला आमच्याकडे कुणाला वेळ आहे?

खरी भीती दुसऱ्या गटाची, जिथे दोन्ही अर्थ वाक्यात बेमालूम बसतात. 'गोदाम को सूचना दे दी है' हे मराठी डोळ्यांनी वाचलं तर गोदामाला काहीतरी करायला सांगितलं आहे असं होतं. मग मी गोदामाला विचारणार, 'काय सूचना आहेत तुम्हाला?' आणि ते म्हणणार, 'काहीच नाहीत.' प्रत्यक्षात त्यांनी फक्त कळवलं होतं. 'आग्रह' हिंदीत साधी विनंती असते; आपल्याकडे त्याला पंगतीतल्या वाढण्याचा किंवा हट्टाचा वास येतो, आणि सकाळी सकाळी तो शब्द वाचला की माणूस उगाच ताठर वाटतो. 'कार्रवाई' सगळ्यात वाईट. हिंदीत कुठल्याही पुढच्या कामाला कार्रवाई म्हणतात. मराठीत कारवाई होते ती कुणावर तरी. सरकारी मराठी म्हणून तर कार्यवाही आणि कारवाई हे दोन शब्द वेगळे ठेवते. हे वाक्य तसंच वाघोलीला गेलं असतं, तर आमचा स्टोअरकीपर आपल्यावर नोटीस येणार या समजुतीने दिवसभर कागद जमवत बसला असता.

आणि 'सहसा'. हिंदीत त्याचा अर्थ अचानक, मराठीत बहुतेक वेळा. 'दुपारी सर्व्हर सहसा बंद पडतो' हे मराठीत इतकं स्वाभाविक वाक्य आहे की शंका यायचं कारणच नाही. पण एका अर्थाने मला नोंदी सकाळी उरकाव्या लागतात आणि दुसऱ्या अर्थाने नोंद करताना मधेमधे जतन करत राहावं लागतं. अशा ठिकाणी मी नुसता अर्थ लावून थांबत नाही, विचारते.

'कल'चा निकाल क्रियापदावरून लागतो. 'भेजने'च्या सोबत आला म्हणजे उद्या. तरी उत्तरात मी वार लिहिते, कारण आपला 'परवा'सुद्धा मागचा की पुढचा हे सांगत नाही, म्हणजे या बाबतीत आपणही फारसे सज्जन नाही.

आता उत्तराची बाजू. हिंदी शब्दाला बरोबर मराठी शब्द दिला की काम झालं असं नाही, कारण तो शब्द इंदूरला हिंदी डोळ्यांनी वाचला जातो. 'आपत्ति'ला 'हरकत' अगदी चोख. 'ना हरकत'लाच तिकडे 'अनापत्ति' म्हणतात. पण हिंदीत 'हरकत' म्हणजे हालचाल किंवा आगळीक. 'आक्षेप' घ्यावा तर तो हिंदीत आरोपाकडे झुकतो. 'तुमच्या खुलाशाने माझं समाधान झालं' असं लिहिलं तर ती मुलं समजणार की प्रश्न मिटला. म्हणून मी असे शब्द शोधते जे दोन्हीकडे एकच अर्थ देतात, किंवा हिंदीत मुळीच नाहीत. उत्तर असं गेलं :

"नमस्कार. खातं आणि मोजणी यांत 40 पेट्यांचा फरक आहे, हे पाहिलं. तुटक्या पेट्या या वेळी कमी आहेत, हे चांगलं झालं. तुम्ही गोदामाला कळवलंत, मीही त्यांच्याशी बोलते. दुरुस्त केलेली यादी गुरुवारी संध्याकाळी 5 पर्यंत पाठवते. फरक का पडला ते कळेपर्यंत ट्रान्सपोर्टरचं बिल थांबवा, चालेल. सर्व्हर अचानक बंद पडतो म्हणालात, तो रोज पडतो की कधीतरी?"

'फरक' आणि 'अचानक' दोन्हीकडचे. 'कळवलं' फक्त आपलं, पण त्याची गल्लत होत नाही. 'चालेल'ला तर 'चलेगा' म्हणून सगळा देश ओळखतो. 'समाधान', 'सूचना', 'हरकत' यांतला एकही शब्द उत्तरात नाही, आणि त्यामुळे काही अडलंही नाही.

सर्व्हरचं उत्तर आलं, "कभी-कभी, बिजली जाने पर।" चाळीस पेट्या गोदामातच होत्या. चलान गाडीच्या मागून आल्यामुळे त्या आधीच्या गाडीच्या रांगेत लावल्या गेल्या होत्या. गोदामाने मला लिहिलं, "आमची तक्रार आहे की चलान वेळेवर येत नाही." हे तसंच पुढे पाठवायचं नव्हतं. 'तकरार' हिंदीत भांडण, आणि इंदूरहून फोन आला असता की गोदामात कुणाचं कुणाशी वाजलं. मी एवढंच पाठवलं : "चलान गाडीनंतर पोहोचतं. ते गाडीबरोबर आलं तर मोजणी त्याच दिवशी होईल." त्यानंतर ड्रायव्हरच्याच हाती चलान येऊ लागलं आणि थांबवलेलं बिल सोडलं.