आकड्याखालची ओळ

‘सर्पदंशाच्या रुग्णाचे रक्त 20 मिनिटांच्या चाचणीत गोठले, तर त्याला प्रतिविष देऊ नये.’

समजा, हे विधान महाराष्ट्रातल्या नऊ डॉक्टरांकडे मतासाठी गेले आहे. कुणी रत्नागिरीकडच्या ग्रामीण रुग्णालयात काम करणारे, कुणी विदर्भातले, कुणी शहरातल्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकवणारे. कोण कोण मत देत आहे, हे एकमेकांना ठाऊक नाही. विधानापुढे 1 ते 9 असे आकडे आहेत. 1 म्हणजे अजिबात मान्य नाही, 9 म्हणजे पूर्ण मान्य. आकड्याखाली एक छोटा चौकोन आहे आणि त्याच्यावर लिहिले आहे, ‘कारण थोडक्यात’. बहुतेक माणसे तो चौकोन रिकामा ठेवतात किंवा त्यात ‘सहमत’ असे लिहितात. आकड्याने जे आधीच सांगितले तेच पुन्हा. या पद्धतीत काम केलेल्या माणसाला त्याची हळहळ वाटते, कारण सगळा जीव त्या चौकोनातच असतो.

या पद्धतीचे नाव डेल्फी. अमेरिकेतल्या रँड या संशोधन संस्थेत नॉर्मन डॉल्की आणि ओलाफ हेल्मर यांनी 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला ती आकाराला आणली. त्यांचा पहिला गाजलेला प्रयोग अणुबाँबविषयी होता. सोव्हिएत आखणीकाराच्या जागी स्वतःला ठेवून, अमेरिकेचे युद्धसामग्रीचे उत्पादन ठरावीक प्रमाणात खाली आणायला किती बाँब लागतील, याचा अंदाज सात तज्ज्ञांना करायचा होता. विषय गोपनीय असल्यामुळे हा प्रयोग छापून यायला 1963 साल उजाडले. पहिल्या फेरीत एका तज्ज्ञाचे उत्तर होते 50 आणि दुसऱ्याचे 5000. शंभर पटींचा फरक!

या दोघांना एका टेबलाशी बसवले असते, तर ज्याचा आवाज मोठा किंवा हुद्दा वरचा त्याच्याकडे उत्तर झुकले असते. डॉल्की आणि हेल्मर यांनी तसे केले नाही. प्रत्येकाला वेगवेगळे विचारले: हा आकडा तुम्ही कसा काढलात, आणि तुमचा अंदाज सुधारायला तुम्हाला कोणती माहिती हवी? मग ती कारणे आणि ती माहिती, नावे न सांगता, सगळ्यांपुढे ठेवली आणि पुन्हा विचारले. फेऱ्या संपेपर्यंत सर्वांत मोठे उत्तर सर्वांत लहान उत्तराच्या दोन-तीन पटींच्या आत आले होते. तज्ज्ञ एकमेकांच्या जवळ आले म्हणजे ते बरोबरच होते, असे यातून सिद्ध होत नाही. पण 50 म्हणणारा आणि 5000 म्हणणारा नेमके कशाकशाची बेरीज करत आहेत, हे मात्र उघड झाले.

आता पुन्हा सापाकडे येऊ. 20 मिनिटांची चाचणी अगदी साधी आहे. रुग्णाच्या शिरेतून सुमारे 2 मिलिलीटर रक्त घ्यायचे, काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत सोडायचे, 20 मिनिटे नळीला हात लावायचा नाही आणि मग ती एकदा तिरपी करायची. रक्त गोठलेले असेल तर ते जागचे हलत नाही. पातळच राहिले असेल तर विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडवली आहे, असे समजायचे. महागडे यंत्र लागत नाही. वीज गेली तरी अडत नाही.

नऊ जणांचे आकडे आले: 8, 8, 9, 7, 8, 7, 2, 8, 3. ओळीने लावले तर मधला आकडा 8 येतो. नवांपैकी सात जणांनी 7 किंवा त्याहून वरचा आकडा दिला आहे, म्हणजे सुमारे 78 टक्के. वैद्यकातल्या अशा कामात 70 किंवा 75 टक्क्यांना एकमत मानण्याची रीत बरीच रूढ आहे. नुसते आकडे मोजले असते तर हे विधान पहिल्याच फेरीत मंजूर झाले असते. ते छापून आले असते आणि एखाद्या रात्री एखाद्या आरोग्य केंद्रात कुणीतरी त्यावर विसंबले असते.

2 हा आकडा देणाऱ्या डॉक्टरांनी चौकोनात लिहिले: ‘मण्यारीच्या दंशात रक्त गोठतेच. पापण्या पडत असतील तर प्रतिविष द्यावेच लागते.’

ओळी दोनच. पण त्यांत विधानाचा पाया हलवण्याची ताकद आहे. घोणस आणि फुरसे यांचे विष रक्तावर परिणाम करते, मण्यार आणि नाग यांचे मुख्यतः मज्जासंस्थेवर. मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दाताच्या खुणा कित्येकदा दिसतही नाहीत. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात, गिळता येत नाही आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. या रुग्णाचे रक्त नळीत छान गोठणार. विधान तंतोतंत पाळले तर त्याला प्रतिविष मिळणार नाही. रत्नागिरीच्या पट्ट्यात फुरशाचे दंश पुष्कळ. तिथे काम करणाऱ्या डॉक्टरांचा या चाचणीवर विश्वास बसतो तो अनुभवातूनच, आणि त्यांचा 8 हा त्यांच्या सापांपुरता रास्त आहे. फक्त आपण एका सापाबद्दल मत देतो आहोत, हे त्यांच्या आकड्यातून कुणालाच कळले नसते.

3 देणाऱ्याचे कारण वेगळे होते: ‘दंशानंतर अर्ध्या तासात आलेल्याचे रक्त अजून गोठू शकते. एका चाचणीवर निर्णय नको.’ आकडे शेजारचे, पण हरकती दोन. बेरजेत 2 आणि 3 एकाच खान्यात पडतात. कारणे वाचली तरच लक्षात येते की पहिल्याला कोणता साप चावला याची चिंता आहे आणि दुसऱ्याला किती वेळ गेला याची.

मान्यतेच्या बाजूने लिहिलेले कारणही तितकेच मोलाचे असू शकते. 8 देणाऱ्या एका डॉक्टरांनी लिहिले: ‘गरज नसताना प्रतिविष दिले तर तीव्र अॅलर्जीने रुग्ण दगावू शकतो.’ प्रतिविष घोड्याच्या रक्तातून तयार होते. त्याची प्रतिक्रिया येऊन रक्तदाब एकदम खाली जाण्याचा धोका खराच असतो. हे कारण वाचल्यावर विरोधकालाही विधानामागचा हेतू दिसतो. आणखी एकाने 7 दिले आणि अट घातली: ‘नळी काचेची हवी, साबणाने धुतलेली नको.’ हाही पक्का अनुभव आहे. प्लॅस्टिकच्या किंवा साबणाचा अंश राहिलेल्या नळीत निरोगी माणसाचे रक्तदेखील वेळेत गोठत नाही, आणि विष चढलेले नसताना ते चढले आहे असे वाटते.

याउलट ‘माझ्या 25 वर्षांच्या अनुभवात असेच दिसले आहे’ हे वाक्य वजनदार वाटते, पण नाव झाकले की ते पोकळ होते. काय दिसले, कुठल्या रुग्णांत, ते त्यात नाही. वाचणाऱ्याला तपासता येईल असे त्यात काहीच उरत नाही. ‘मार्गदर्शक तत्त्वांशी सुसंगत’ या उत्तराचेही तसेच. तत्त्वे सगळ्यांनीच वाचलेली असतात. मत मागितले जाते ते त्यांच्या पलीकडचे.

नाव लावून, सविस्तर कारण देण्याची जबाबदारी आपल्याकडे दुसऱ्या एका ठिकाणी आहे. रिझर्व्ह बँकेच्या पतधोरण समितीचे सहा सदस्य व्याजदरावर मत देतात आणि कायद्याने प्रत्येकाला आपल्या मताची कारणे लिहून द्यावी लागतात. बैठकीनंतर चौदाव्या दिवशी ती इतिवृत्तात प्रसिद्ध होतात. तिथे सदस्याचे नाव आणि त्याचे आधीचे मत वाचकाच्या मदतीला असते. डेल्फीच्या चौकोनातल्या ओळीला असा कुठलाच आधार नसतो, म्हणून ती अधिक काटेकोर लिहावी लागते. एका ओळीत एकच कारण, आणि ते असे की अनोळखी माणसाला त्यावरून आपला आकडा बदलावासा वाटेल किंवा का बदलायचा नाही ते सांगता येईल.

पाहणी चालवणाऱ्याच्या हातूनही ही ओळ मरू शकते. दोन फेऱ्यांच्या मध्ये तो कारणांचा सारांश करतो. ‘पापण्या पडत असतील’ याचे ‘काही सदस्यांनी लक्षणांबाबत चिंता व्यक्त केली’ असे झाले, की मण्यार नाहीशी झाली. लिहिणाऱ्याचे शब्द शक्य तितके तसेच पुढे पाठवणे, ही या कामातली सर्वांत महत्त्वाची शिस्त आहे. दुसरी फसगत आकड्यांची. कधीकधी निम्मे लोक 2 देतात आणि निम्मे 8. मधला आकडा 5 च्या आसपास येतो आणि अहवालात ‘अनिश्चित’ असे छापले जाते, जेव्हा अनिश्चित असा एकही माणूस तिथे नसतो. रँड आणि लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने मिळून वैद्यकासाठी जी पद्धत बसवली, तिने यावर उपाय ठेवला आहे. नऊ जणांच्या गटात किमान तिघे 1 ते 3 मध्ये आणि किमान तिघे 7 ते 9 मध्ये असतील, तर मधला आकडा काहीही असो, ते मतभेद म्हणूनच नोंदवायचे.

आणखी एक गोष्ट जाणकार लगेच हेरतो. दुसऱ्या फेरीत प्रत्येकाला स्वतःचा जुना आकडा आणि गटाचा मधला आकडा दोन्ही दिसतात. 2 दिलेला माणूस 8 पाहून संकोचतो आणि 6 वर येतो. चौकोन रिकामा. आकडे एकमेकांकडे सरकले पण एकही नवे कारण आले नाही, तर ते पटल्यामुळे सरकले नाहीत, दबले आहेत. आकडा बदलणाऱ्याने कुठल्या कारणाने बदलला हे लिहिले, तरच त्या बदलाची किंमत.

सापाच्या विधानाचे पुढे काय व्हायला हवे? दोन्ही हरकती आणि नळीची अट तशीच्या तशी सगळ्यांना गेली, तर विधान फोडून नव्याने लिहावे लागते: ‘काचेच्या नळीत रक्त गोठले, पापण्या पडणे किंवा गिळायला त्रास अशी मज्जासंस्थेची लक्षणे नाहीत आणि सूज झपाट्याने वाढत नाही, तर प्रतिविष तूर्त थांबवावे, रुग्णाला निरीक्षणाखाली ठेवावे आणि चाचणी ठरावीक अंतराने पुन्हा करावी.’ लांबलचक आहे, पण आता ते चारही सापांना लागू पडते. पहिल्यांदा 8 देणारा इथे 9 देईल. 2 देणारे डॉक्टरही वर येतील, आणि का आले ते लिहितील: ‘मज्जासंस्थेची लक्षणे घातली म्हणून.’

तरी ते 9 देणार नाहीत, 7 वर थांबतील. चौकोनात दुसरी ओळ येईल: ‘रात्रपाळीला एकच परिचारिका असते. दर खेपेची चाचणी आणि सूज मोजणे कोण करणार ते विधानात नाही.’ तिसरी फेरी या ओळीवरून सुरू करायची.