कान पिकला तर कानातले ओढून काढू नका

कान टोचल्यावर पहिले काही दिवस पाळी थोडी सुजते, पातळ पांढुरके पाणी येते आणि त्याची खपली धरते. हा बरे होण्याचाच भाग आहे. बोरी अरबला आमच्या नऊ वर्षांच्या भाचीचे सहाव्या दिवशी मात्र तसे नव्हते. उजवी पाळी लाल आणि गरम झाली होती, उशीला कान टेकवत नव्हता आणि छिद्रातून दाट, पिवळा पू येत होता.

घरात लगेच सल्ले सुरू झाले. नानींनी हळद-तेल काढले. शेजारच्या खाला म्हणाल्या, "आधी कानातले काढा." आम्ही तिला तशीच डॉक्टरांकडे नेली. त्यांनी कानातले काढले नाही. नवे छिद्र लवकर आकसते. त्याचे तोंड बंद झाले की पू आत कोंडतो आणि गळू होते. कानातले आत असले की पुवाला वाट राहते. त्यांनी फक्त मागची फिरकी सैल केली, कारण सुजलेल्या पाळीत घट्ट फिरकी रुतते. ती कातडीत शिरलीच, तर घरी ओढू नये, डॉक्टरांनीच काढावी.

मग आम्ही रोज दोनदा एकच काम केले. आधी साबणाने हात धुतले. पाव लिटर पाणी उकळून कोमट केले, त्यात पाव लहान चमचा मीठ विरघळवले. त्यात स्वच्छ कापड भिजवून पाच मिनिटे पाळीवर पुढून-मागून धरले. खपली आपोआप मऊ होऊन निघाली. ती नखाने काढली नाही, कानातले फिरवले नाही. मग कान टिपून कोरडा केला आणि डॉक्टरांनी दिलेले मलम पातळसे लावले. हळद-तेल बाजूलाच राहिले, कारण त्याने छिद्र बुजते. स्पिरिटही टाळले, त्याने नवी कातडी जळते. वुजूत हात आधीच धुतले जातात, म्हणून कानाच्या मसहची अडचण आली नाही. ओढणी मात्र अडकू दिली नाही.

दोन दिवसांत ठणका उतरला, आठवड्यात पू थांबला. तरी कानातले दीड महिना बदलले नाही. पाळीचे छिद्र पक्के व्हायला तेवढा वेळ लागतोच.

दोन्ही पाळ्यांना खाज, पुरळ आणि ओलसरपणा असेल, पण फारसा ठणका नसेल, तर बहुधा निकेल धातूची अॅलर्जी असते. तेव्हा डॉक्टरांना विचारून धातू बदलावा लागतो.

ताप आला, लाली गालाकडे किंवा मानेकडे पसरली, किंवा दोन दिवसांत उतार पडला नाही, तर पुन्हा दवाखाना गाठावा. कानाच्या वरच्या कडक भागात टोचलेले पिकले, तर त्याच दिवशी जावे. त्या कुर्च्याला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तो एकदा गळला की कानाचा आकार कायमचा बिघडतो.