वर्गणीचा हिशेब आणि अब्रूचा दावा

मी जयंती समितीचा खजिनदार होतो. एकाने व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, "खजिनदाराने वर्गणी खाल्ली." माझं नाव नव्हतं. तरीही वकील म्हणाले, अब्रुनुकसानीचा दिवाणी दावा होतो.

वादीला तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात: मजकूर बदनामीकारक आहे, तो त्याच्याबद्दलच आहे आणि तो तिसऱ्या माणसापर्यंत पोचला. खजिनदार एकच, म्हणून ओळख पटत होती. ग्रुपमधले दोघे साक्षीला तयार होते. तोच मेसेज फक्त मला आला असता, तर दावा उभा राहिला नसता. आरोप खरा आहे हे दाखवणं प्रतिवादीचं काम; पण तो खरा ठरला तर दावा संपला. म्हणून मी आधी पावतीपुस्तकं आणि बिलं जुळवली.

मुदत मजकूर प्रसिद्ध झाल्यापासून 1 वर्ष. भरपाई जास्त मागाल, तशी कोर्ट फी वाढते. मला पैसे नको होते. त्याने त्याच ग्रुपवर जाहीर माफी मागावी, एवढंच नोटिशीत लिहिलं. निकालातून सहसा भरपाई किंवा मनाई हुकूम मिळतो. माफी बहुतेकदा तडजोडीतच येते. त्याने माफी लिहिली. त्याखाली मी पूर्ण हिशेब टाकला. तो मागण्याचा हक्क सगळ्यांचा होताच.