मार्च महिन्यातली शाल

नणंदेच्या मुलीचा निकाह एप्रिलअखेरीस ठरला आणि जानेवारीत आम्ही दोघी जावांनी डाएट सुरू केलं. थोरली म्हणजे हे लिहिणारी, शाळेत शिकवणारी. धाकटी घरी शिवणकाम करणारी. दोघींचं ताट एकच : सकाळी बिनसाखरेचा कोरा चहा, दुपारी दोन उकडलेली अंडी, एक चपाती, थोडी भाजी, संध्याकाळी एक सफरचंद आणि रात्री वाटीभर डाळीचं पाणी. कॅलरी मोजायचं आम्हाला सुचलंही नाही.

पहिले दहा दिवस डोकं दुखायचं, अंग मोडून यायचं. मग ते जरा कमी झालं आणि आम्हाला वाटलं, शरीराला सवय झाली. काटा भराभर उतरत होता. दहा आठवड्यांत थोरली ७४ किलोवरून ६३ वर आली. घरात कौतुक झालं.

थकवा मात्र परत आला. शाळेचे दोन जिने चढताना मध्ये थांबावं लागे. शिलाई मशीनवर बसल्या बसल्या धाकटीच्या डोळ्यांपुढे अंधारी येई. हातपाय गार पडत, पण तेव्हा जानेवारी होता, थंडीचं कोणाला नवल? मार्च उजाडला. सोलापूरचा मार्च. सारं घर पंख्याखाली घामाघूम आणि आम्ही दोघी शाल पांघरून. त्याच सुमारास केस जायला लागले. कंगव्यात, उशीवर, न्हाणीघराच्या जाळीवर पुंजकेच्या पुंजके. सासूबाईंनी बोअरच्या पाण्याला दोष दिला, आम्ही तेल बदललं. थोरलीची पाळी दोन महिने चुकली होती. चव्वेचाळिसावं वर्ष, म्हणून तिने ती वयाच्या खात्यावर टाकली.

शेवटी धाकटीला भोवळ आली आणि आम्ही डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी तेलाचं विचारलंच नाही. म्हणाल्या, "काल दिवसभर काय काय खाल्लंत, ते सांगा." आम्ही सांगत गेलो, त्या कागदावर आकडे मांडत गेल्या : दोन अंडी दीडशे, चपाती-भाजी दोनशे, सफरचंद ऐंशी, डाळ शंभर-सव्वाशे. बेरीज साडेपाचशेच्या आसपास. "बायकांनी स्वतःच्या मनाने बाराशेच्या खाली जाऊ नये," त्या म्हणाल्या, "तुम्ही निम्म्यावर राहिलात."

मग त्यांनी समजावलं. पगार निम्मा झाला तर घर आधी काय बंद करतं? ज्याच्यावाचून चालतं ते. शरीरही हृदय आणि मेंदू सांभाळतं; ऊब, केस आणि पाळी यांच्यावर कात्री चालवतं. पहिल्या एक-दोन आठवड्यांचा थकवा साधा असतो. साठवलेली साखर आणि तिच्याबरोबरचं पाणी संपतं, म्हणून तो येतो आणि जातो. तिसऱ्या आठवड्यानंतर रोजची कामं नेहमीसारखी जमायला हवीत. थकवा वाढत गेला, उकाड्यातही थंडी वाजली, पाळी चुकली किंवा सुरुवातीचे दिवस सोडून आठवड्याला किलोहून जास्त वजन जात राहिलं, तर अन्न कमी पडतंय असं समजावं.

केसांचं गणित आम्हाला सर्वांत नवं होतं. दिवसाला शंभरेक केस गळणं कोणाच्याही डोक्याला चालतं. उपासमारीचा धक्का बसला की बरेच केस एकदम वाढ थांबवतात, पण गळतात दोन-तीन महिन्यांनी. म्हणजे मार्चमधली गळती जानेवारीची होती. म्हणूनच खाणं सुधारल्यावरही ती लगेच थांबत नाही. हे केस सगळीकडून सारखे विरळ होतात. चट्टा पडला तर कारण दुसरं असतं.

तरी डॉक्टरीणबाईंनी सारं डाएटवर ढकललं नाही. थकवा, थंडी, केसगळती ही तिन्ही लक्षणं थायरॉइडमध्ये आणि रक्त कमी असतानाही दिसतात. म्हणून दोघींचं रक्त तपासलं. थायरॉइड ठीक निघालं. धाकटीचं हिमोग्लोबिन मात्र ९.८ होतं, बाईचं निदान १२ असावं. तिला लोहाच्या गोळ्या मिळाल्या आणि जेवणाबरोबर चहा बंद झाला, कारण चहा अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. थोरलीची आधी गरोदरपणाची तपासणी झाली. ती म्हणाली, "या वयात?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पाळी चुकली की पहिली तपासणी हीच, बाई."

आम्ही तीन वेळा जेवायला लागलो. सकाळी अंडं-चपाती, दुपारी भाकरी, भाजी आणि दाट डाळ, रात्री थोडा भात, मासे किंवा कोंबडी, शिवाय दही. बेरीज चौदाशेच्या पुढे. पहिल्या पंधरवड्यात किलोभर वजन वाढलं, तेव्हा पोटात धस्स झालं. पण शाल घडी होऊन कपाटात गेली आणि जिने एका दमात चढता येऊ लागले. नंतर वजन पुन्हा उतरू लागलं, आठवड्याला जेमतेम अर्धा किलो. निकाहाच्या आधी थोरलीची पाळी परत आली.

केस मात्र निकाहातही गळत होते. ओढणी घट्ट धरून आम्ही फोटो काढले. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा कपाळाच्या कडेला बोटभर उंचीचे नवे केस उभे राहिलेले दिसले. सासूबाई अजूनही म्हणतात, तेल लागू पडलं.