जमिनीचा तिसरा हिस्सा

जमिनीच्या विक्रीवर जीएसटी नाही. बांधकाम सुरू असलेल्या इमारतीतील घरावर मात्र आहे, कारण सरकारच्या दृष्टीने तिथे बिल्डर आपल्याला बांधकामाची सेवा देत असतो. पण घराच्या किमतीत जमिनीचाही वाटा असतोच. तो वेगळा कसा काढायचा? २८ जून २०१७ च्या अधिसूचनेने यावर सोपा तोडगा काढला. एकूण किमतीचा एक तृतीयांश भाग जमिनीचा धरायचा आणि उरलेल्या दोन तृतीयांशावर कर लावायचा. जमीन गडचिरोलीची असो की गिरगावची, हिस्सा तोच.

माझ्या भाच्याने ठाकूरद्वारला, एका जुन्या चाळीच्या जागी उभ्या राहणाऱ्या इमारतीत ४०० चौरस फूट चटई क्षेत्राचे घर घेतले आहे. किंमत १ कोटी ८० लाख. नळबाजारची वडिलोपार्जित खोली आता तीन भावांना पुरत नाही, आणि अम्मीला मुलीच्या घराजवळ राहायचे आहे. मी हिशेबनिसाचे काम करतो, म्हणून घरातले असे कागद फिरत फिरत माझ्यापर्यंत येतात. जोत्याचे काम झाल्यावर १८ लाखांच्या हप्त्याचे मागणीपत्र आले, त्यात जीएसटी १,३५,००० रुपये लिहिला होता.

भाचा म्हणाला, "मामू, ही रक्कम चुकीची आहे. कर पाच टक्के, आणि जमिनीचा तिसरा हिस्सा वजा. म्हणजे १२ लाखांवर पाच टक्के, ६० हजार."

बिल्डरचा आकडा चुकलेला होता आणि भाच्याचाही. हा घोटाळा बहुतेक घरांत होतो, म्हणून जरा सावकाश सांगतो. १ एप्रिल २०१९ पासून अशा घरावरचा खरा दर साडेसात टक्के आहे. तो जमिनीचा तिसरा हिस्सा वजा केल्यावर उरलेल्या रकमेवर लागतो. साडेसातचे दोन तृतीयांश म्हणजे पाच. आपण सगळे ज्याला 'पाच टक्के' म्हणतो, त्यात जमिनीची वजावट आधीच होऊन गेलेली असते. ती दुसऱ्यांदा मागता येत नाही. १८ लाखांतून ६ लाख जमिनीचे वजा केले की १२ लाख उरतात, त्यावर साडेसात टक्के म्हणजे ९० हजार. पूर्ण १८ लाखांवर पाच टक्के काढले तरी ९० हजारच. बिल्डरच्या कारकुनाने साडेसातचा दर पूर्ण १८ लाखांवर लावला होता, म्हणजे जमिनीवरही कर घेतला होता. ४५ हजार जास्त.

मागणीपत्र तपासायला एवढे पुरते. कर हप्त्याच्या विसाव्या भागाएवढा असावा, निम्मा केंद्राचा आणि निम्मा राज्याचा. त्याहून जास्त दिसला तर लेखी फोड मागावी. कुरआनातील सर्वांत लांब आयत देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे, तरी आपल्याकडे माणसे बिल्डरच्या ऑफिसात तोंडी विचारतात आणि तोंडी उत्तर घेऊन घरी येतात. भाच्याने ईमेल केला. दहा दिवसांत सुधारलेले पत्र आले.

एक टक्क्याचा दरही आहे, पण तो ठाकूरद्वारच्या कामाचा नाही. मुंबई महानगर प्रदेशात त्यासाठी घराचे चटई क्षेत्र ६० चौरस मीटरपर्यंत आणि किंमत ४५ लाखांपर्यंत हवी. दोन्ही अटी एकदम पाळायच्या. भाच्याचे घर क्षेत्राच्या अटीत सहज बसते, किमतीत कसे बसणार?

खरे दुखणे पुढे आहे. १ कोटी ८० लाखांतले ६० लाख जमिनीचे धरले, तर १ कोटी २० लाख बांधकामाचे ठरतात. ४०० चौरस फुटांचे बांधकाम १ कोटी २० लाखांचे, म्हणजे फुटाला ३० हजार रुपये! त्यात बिल्डरचा नफा धरला तरी ठाकूरद्वारच्या नाक्यावर उभ्या असलेल्या कुठल्याही मुकादमाला हे ऐकून हसू येईल. इथे पैसा विटा-सिमेंटचा नसतो, जागेचा असतो. जमीन निम्मी धरली असती तर पूर्ण घरावरचा कर ९ लाखांऐवजी ६ लाख ७५ हजार झाला असता, दोन तृतीयांश धरली असती तर साडेचार लाख.

आपल्याच राज्यात पूर्वी वेगळी पद्धत होती. व्हॅटच्या काळात मुद्रांक विभागाच्या वार्षिक दरतक्त्यावरून, म्हणजे रेडी रेकनरवरून, जमिनीची किंमत काढून ती वजा करण्याची सोय नियमात होती. बरेच बिल्डर त्याऐवजी करारकिमतीवर एक टक्का भरण्याची सवलतीची योजना घेत, ही गोष्ट निराळी. पण जमिनीला जागेनुसार वेगळी किंमत असते, हे कायद्याला मान्य होते.

एक तृतीयांशाच्या या सक्तीवर गुजरात उच्च न्यायालयात दाद मागितली गेली. ६ मे २०२२ च्या निकालात न्यायालयाने म्हटले की जमिनीची खरी किंमत कळत असताना सरसकट हाच हिस्सा लादणे मनमानी आहे. ही वजावट सक्तीची नव्हे, ऐच्छिक मानावी. निकाल वाचून भाच्याला वाटले, आता साडेचार लाख परत मिळणार. मला त्याची उमेद मोडावी लागली.

त्या प्रकरणात भूखंड आणि त्यावर बांधायचा बंगला, दोन्हींच्या किमती करारातच वेगवेगळ्या होत्या. ठाकूरद्वारच्या करारात एकच आकडा असतो. आणि तो फोडणे बिल्डरलाही सोपे नाही. जुन्या चाळीच्या पुनर्विकासात जमिनीचे मोल बऱ्याच अंशी रोख मोजलेले नसते. पागडीच्या भाडेकरूंना फुकट नवी घरे बांधून द्यायची, तोवर त्यांचे भाडे भरायचे, मालकाला हिस्सा द्यायचा, हीच त्या जमिनीची किंमत. भाच्याच्या वाट्याला येणाऱ्या जमिनीच्या तुकड्याचे मोल त्यातून कोण काढणार? किंमत कळत नसेल तिथे एक तृतीयांशाचाच मार्ग न्यायालयाने मोकळा ठेवला आहे. शिवाय पर्याय निवडायचा हक्क कर भरणाऱ्याचा, म्हणजे बिल्डरचा. आणि गुजरातच्या निकालाचा महाराष्ट्रात दाखला देता येतो, पण इथल्या अधिकाऱ्याला तो थेट बांधील नसतो. बिल्डर तरी कशाला भांडेल? कर त्याच्या खिशातून जात नाही.

मग साडूने विचारले, तयार घर घेतले तर? इमारतीला महापालिकेचे भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यानंतर घराचा सौदा झाला, तर जीएसटी लागत नाही. पण अट अशी की सगळी रक्कम त्यानंतर दिलेली हवी. प्रमाणपत्राच्या आधी टोकन म्हणून एक लाख जरी दिला असेल, तरी घर कराच्या कक्षेत येते. उरलेले पैसे नंतर दिले, ही सबब चालत नाही. तयार घराची किंमत बिल्डर चढवतो, हेही खरे. १ कोटी ८० लाखांच्या घरावर ९ लाख कर वाचतो, तेव्हा चढलेली किंमत ९ लाखांहून कमी आहे का, एवढे पाहायचे. मुद्रांक शुल्क दोन्हीकडे सारखेच, मुंबईत पुरुषाच्या नावावर सहा टक्के आणि फक्त बाईच्या नावावर पाच. ते घराच्या पूर्ण किमतीवर लागते, तिथे जमीन वजा होत नाही.

साडूने अजून टोकन दिलेले नाही. प्रमाणपत्राची प्रत आधी दाखवा, असे त्याने बिल्डरला लिहून कळवले आहे.